भिंत उलटण्याआधी सरकते

३ मीटर उंचीची काँक्रीटची संरक्षक भिंत घ्या. माथ्याला अर्धा मीटर रुंद, तळाला २ मीटर रुंद, मागची बाजू सरळ उभी आणि पुढची उतरती. दर मीटर लांबीला तिचं वजन ९ टन भरतं. मागे मुरमाचा कोरडा भराव असेल तर तो तिला २.७ टनांनी ढकलतो. ढकलणाऱ्याच्या तिप्पट वजन घेऊन ही भिंत बसलेली असते. तरीही अशा भिंती जागा सोडतात आणि बहुतेक वेळा पावसाळ्यातच सोडतात. घाटातला रस्ता असो, सोसायटीची मागची हद्द असो किंवा डोंगर कापून काढलेला बंगल्याचा प्लॉट असो, चौकशी सुरू झाली की लोक काँक्रीटचा दर्जा आणि सळयांची जाडी विचारतात. पण सरकलेल्या भिंतीचं काँक्रीट पुष्कळदा शाबूत असतं. हरलेला असतो तो तिचा तळ.

संरक्षक भिंतीचा पाया हा उथळ पाया. तो जमिनीत फारसा खोल जात नाही, मातीवर नुसता टेकलेला असतो. वरून खाली येणारा भार त्याला सोसतो, कारण खाली जमीन आहे. आडवा भार आला की मात्र त्याला धरून ठेवायला खिळा नसतो, मूळही नसतं. भिंतीमागची माती, होर्डिंगवरचा वारा, पाण्याच्या मोठ्या पाइपलाइनच्या वळणावर बसणारा रेटा, भूकंपाचा धक्का, हे सगळे आडवे भार. त्यांना पायाचा तळ दोनच गोष्टींच्या जोरावर अडवतो: एक घर्षण आणि दुसरं आसंजन, म्हणजे मातीनं काँक्रीटला चिकटून धरणं.

दोन साथीदार, दोन स्वभाव

घर्षणाचा स्वभाव आपल्या ओळखीचा आहे. भरलेलं कपाट ढकलून हलत नाही, रिकामं केलं की सरकतं. वजन जितकं जास्त तितकं घर्षण जास्त, आणि तळ रुंद की अरुंद याच्याशी त्याला फारसं देणंघेणं नाही. आसंजनाचं याच्या नेमकं उलट आहे. ते तळाच्या क्षेत्रफळावर ठरतं, वर किती वजन ठेवलंय हे ते विचारत नाही. वाळूत आणि स्वच्छ मुरमात आसंजन जवळपास नसतंच. चिकणमातीत ते असतं.

ही दोन्ही बळं मातीच्या हिशेबात एकत्र आणली शार्ल कूलोम यांनी. विजेच्या नियमामुळे त्यांचं नाव शाळेत सगळ्यांच्या कानावरून गेलेलं असतं, पण मुळात ते फ्रान्सचे लष्करी अभियंते. कॅरिबियन समुद्रातल्या मार्टिनिक बेटावर किल्ला बांधताना मातीच्या रेट्याशी त्यांची गाठ पडली. त्यावरचा त्यांचा निबंध १७७३ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे वाचला गेला आणि १७७६ मध्ये छापला गेला. आजही तळाच्या प्रतिकाराचं सूत्र त्याच साच्यातलं आहे: वजन गुणिले घर्षणांक, अधिक आसंजन गुणिले तळाचं क्षेत्रफळ. या बेरजेला ढकलणाऱ्या बळानं भागलं की सुरक्षितता गुणांक मिळतो. तो १ म्हणजे भिंत काठावर उभी आहे. संरक्षक भिंतीसाठी साधारणपणे किमान १.५ तरी हवा, असा रिवाज आहे. आपलं काँक्रीटचं मानक आयएस ४५६ आणखी एक खबरदारी घेतं: वजन ९० टक्केच धरा आणि तरीही १.४ पटीची खात्री दाखवा.

घर्षणांक किती धरायचा हे तळाखाली काय आहे यावर ठरतं. अमेरिकी नौदलाच्या बांधकाम विभागाची एक जुनी सारणी जगभर वापरात आहे. तिच्यानुसार काँक्रीट स्वच्छ, पक्क्या खडकावर ओतलं तर घर्षणांक ०.७० पर्यंत धरता येतो, बारीक ते मध्यम स्वच्छ वाळूवर ०.४५ ते ०.५५ आणि घट्ट चिकणमातीवर ०.३० ते ०.३५. जागेवर ओतलेलं काँक्रीट खालच्या खडबडीत मुरमात शिरून पकड घेतं, त्यामुळे घसरण झालीच तर ती काँक्रीट आणि माती यांच्या सांध्यात न होता मातीच्या आत होते. तयार, गुळगुळीत ठोकळे आणून ठेवले, किंवा ओल धरू नये म्हणून पीसीसीखाली प्लास्टिकचा कागद अंथरला, की ही पकड गेली. नकाशावर न दिसणारा तो कागद हिशेबातला घर्षणांक खाऊन टाकतो.

आपल्या भिंतीखाली चांगला मुरूम आहे असं धरू आणि घर्षणांक ०.५ घेऊ. ९ टनांचे निम्मे, म्हणजे ४.५ टनांचा प्रतिकार मिळतो. त्याला २.७ नं भागलं की १.६७. वजन ९० टक्के धरलं तरी १.५. कोरड्या दिवसात भिंत दोन्ही कसोट्यांना उतरते, आसंजनाचा एक पैसाही उसना न घेता.

काळ्या मातीतली उधारी

आता तीच भिंत काळ्या मातीवर आणू. महाराष्ट्राच्या पठारावर बेसॉल्ट खडक झिजून काळी माती झाली आहे आणि तिच्याखाली बहुतेक ठिकाणी मुरूम लागतो. तो किती खाली लागेल हे जागेजागी वेगळं. मुरूम लागेपर्यंत खोदायचं म्हणजे खर्च वाढतो, म्हणून अधूनमधून कुणाला तरी काळ्या मातीवरच थांबण्याचा मोह होतो.

घर्षणांक ०.३५ धरला तर ९ टनांवर ३.१५ टनांचाच प्रतिकार मिळतो. गुणांक १.१७, म्हणजे नापास. इथे आसंजन मदतीला येतं. समजा मातीच्या अहवालात दर चौरस मीटरला १ टन आसंजन दिलंय. आपला तळ २ मीटर रुंद, म्हणून दर मीटर लांबीला २ टनांची भर पडते. एकूण ५.१५ टन आणि गुणांक १.९. कागदावर काळी माती मुरमापेक्षा सरस ठरली! फरक एवढाच, की मुरमावरच्या भिंतीचा सगळा जोर तिच्या स्वतःच्या वजनातून येतो आणि या भिंतीची पत त्या २ टनांच्या उधारीवर टिकून आहे. म्हणून तो १ टनाचा आकडा कुठून आला, हे बघायला हवं.

तो येतो प्रयोगशाळेतल्या कर्तन पेटीतून. ६ सेंटिमीटर लांब-रुंद मातीचा नमुना दोन भागांच्या पेटीत बसवतात, वरून ठरावीक दाब देतात आणि पेटीचा एक भाग आडवा सरकवून माती कधी तुटते ते पाहतात. हे बहुधा तीन वेगवेगळ्या दाबांना करतात. प्रति चौरस सेंटिमीटर अर्धा किलो, एक किलो आणि दीड किलो, हे नेहमीचे दाब. तीन बिंदू आलेखावर मांडून त्यांतून सरळ रेषा काढतात. रेषेचा चढ म्हणजे घर्षण. ती रेषा मागे शून्य दाबापर्यंत लांबवली की उभ्या अक्षाला जिथे छेदते तो आकडा मातीच्या आतल्या चिकटपणाचा. त्यातला अर्धा ते दोन तृतीयांश भाग पायाच्या तळाला आसंजन म्हणून धरण्याची पद्धत आहे.

म्हणजे आसंजन थेट मोजलेलं नसतं. ते रेषा मागे ओढून काढलेलं असतं. आपल्या भिंतीचा तळावरचा सरासरी दाब दर चौरस मीटरला ४.५ टन आहे. अर्धा किलो प्रति चौरस सेंटिमीटर म्हणजे ५ टन. चाचणीतला सगळ्यांत हलका दाबसुद्धा भिंतीच्या खऱ्या दाबापेक्षा जास्तच आहे. एखादा बिंदू जरा वरखाली झाला की रेषा कलते आणि अक्षावरचा तो आकडा सहज इकडेतिकडे होतो. त्यातही नमुना एप्रिलमध्ये काढला आणि आहे त्याच ओलाव्यावर तपासला, तर वाळलेली काळी माती आपला चिकटपणा फुगवून सांगते. नमुना पाण्यात भिजवून, त्याला फुगू देऊन, मग तपासला की हाच आकडा दणकून उतरतो. अहवाल हातात आला की चाचणी भिजवलेल्या नमुन्यावर झाली का, हे आधी पाहावं ते एवढ्यासाठी.

साइटवर तर आसंजनाला आणखी शत्रू आहेत. काळी माती उन्हाळ्यात आकसते, भेगाळते आणि तळापासून सुटू लागते. पायाचा खड्डा खोदून ठेवला आणि मध्येच पावसाची सर आली तर तळाची माती लिबलिबीत होते. गडबडीत त्या रबडीवरच सोलिंग किंवा पीसीसी पडलं, की काँक्रीट चिकटतं ते रबडीला. खालची घट्ट माती त्याला भेटतच नाही. म्हणून जाणता सुपरवायझर खोदाईचा शेवटचा वीतभर थर हातचा राखतो आणि पीसीसीच्या दिवशीच तो काढतो.

या सगळ्यामुळे युरोपच्या भूतांत्रिक नियमावलीनं, म्हणजे युरोकोड ७ नं, कडक भूमिका घेतली आहे. मातीतल्या पाण्याला निघून जायला वेळ मिळतो अशा दीर्घकालीन हिशेबात आसंजन सरळ शून्य धरा, असं ती सांगते. चिकणमातीवर भार पटकन येतो तेव्हा चिकटपणा मोजायची मुभा आहे. पण तळाखाली पाणी किंवा हवा शिरण्याची शक्यता असेल, तर एकूण प्रतिकार वजनाच्या ०.४ पटीपेक्षा जास्त धरायचा नाही. आपल्या भिंतीला हा नियम लावला तर ५.१५ टनांचे ३.६ टन होतात आणि १.९ चा गुणांक १.३३ वर येतो. उधारीचा मोठा भाग नियमानंच नामंजूर केला.

पाणी तीन ठिकाणी घाव घालतं

आसंजनाच्या नादी न लागता मुरमावर बांधलेल्या भिंतीकडे परत येऊ. तिचा गुणांक १.६७ होता, तोही निव्वळ घर्षणावर. तिच्यात पाणी जायला वीप होल ठेवली होती, पण मागे खडीचा थर घातला नाही, भरावाची बारीक माती भोकांत जाऊन बसली आणि ती तुंबली. जुलैमध्ये चार दिवस झड लागली आणि भिंतीमागे पाणी चढू लागलं.

पहिला घाव ढकलणाऱ्या बाजूनं. माती स्वतःच्या अंगच्या घर्षणामुळे आपल्या वजनाचा साधारण तिसरा हिस्साच आडवा लावते. पाण्याला असं आतलं घर्षण नसतं, त्यामुळे त्याचा दाब सगळ्या बाजूंना सारखा. भिंतीमागे माथ्यापर्यंत पाणी साचलं तर एकट्या पाण्याचा रेटा ४.५ टन होतो. पाण्यात बुडालेली माती हलकी होते, म्हणून तिचा रेटा १.५ टनांवर उतरतो. बेरीज ६ टन. २.७ चे ६ झाले.

दुसरा घाव वजनावर, आणि तो वरून दिसत नाही. पाणी तळाखालून पुढच्या बाजूला झिरपतं आणि जाता जाता भिंतीला वर उचलतं. मागच्या कडेला पूर्ण दाब, पुढच्या कडेला शून्य, असं धरलं तर ही उचल ३ टन येते. ९ टनांची भिंत मातीच्या दृष्टीनं ६ टनांचीच उरली. घर्षण मिळणार ते या ६ टनांवर, म्हणजे ३ टन. ढकलणारे ६, अडवणारे ३. गुणांक ०.५. भिंत जाणार.

पण पाणी माथ्यापर्यंत चढायची वाट पाहावी लागत नाही. हाच हिशेब पाणी निम्म्या उंचीवर, दीड मीटरवर, असताना केला तर रेटा ३.५ टनांच्या आसपास येतो, प्रतिकार ३.७५ टन आणि गुणांक १.०६. आणखी वीतभर पाणी चढलं की तो १ च्या खाली. सगळ्या कसोट्यांना उतरलेली भिंत अर्ध्याहून थोडं अधिक पाणी साचताच हरते.

याच हिशेबात शीर्षकाचा अर्थ आहे. पाणी माथ्यापर्यंत भरलेलं असतानाही पुढच्या कडेभोवती भिंतीला उलटवणाऱ्या बलघूर्णापेक्षा तिला धरून ठेवणारा बलघूर्ण थोडा जास्तच भरतो. तिच्या बाबतीत उलटण्याआधी सरकणं येतं.

तिसरा घाव बसतो तो आसंजनावर. काळ्या मातीवरची भिंत असती तर तळाची माती याच पाण्यानं भिजून मऊ पडली असती. ज्या दिवशी त्या २ टनांची खरी गरज लागते, नेमक्या त्याच दिवशी ते हात वर करतात.

पाण्याची ही उचल अभियंत्यांनी फार महाग शिकून घेतली. फ्रान्सच्या व्होज भागातलं बूझे इथलं दगडी धरण १८८४ मध्ये भरत असताना मधल्या शंभराहून अधिक मीटर लांबीत पुढे सरकलं, सुमारे फूटभर. ते भेगाळलेल्या वाळूखडकावर बांधलेलं होतं आणि तळाखालच्या पाण्याची उचल संकल्पनात धरलेली नव्हती. पायथ्याशी भक्कम भर घालून ते पुन्हा वापरात आणलं. २७ एप्रिल १८९५ ला त्याचा वरचा भाग फुटला. पाण्याच्या दाबाचा विचार तळाशी झाला होता, वरच्या दगडी बांधकामाच्या आत शिरलेल्या पाण्याचा झाला नव्हता. ऐंशीहून अधिक माणसं दगावली. त्यानंतरच मोरिस लेव्ही या फ्रेंच अभियंत्यानं बांधकामात शिरणाऱ्या पाण्याच्या दाबाला तोंड देण्याचा निकष मांडला.

पुढची माती आणि सरकल्याच्या खुणा

भिंतीच्या पायापुढेही माती असते आणि तीही अडवते. पाया २ फूट खोल गाडलेला असेल तर चांगल्या मुरमात दर मीटर लांबीला टनभर प्रतिकार कागदावर दिसतो. पण ही मदत उशिरा येते. तळाचं घर्षण काही मिलिमीटर हालचालीतच पूर्ण जागं होतं. पुढची माती पूर्ण जोरानं अडवायला लागेपर्यंत भिंत सेंटिमीटरांत पुढे आलेली असते. शिवाय ती माती तिथेच राहील याची हमी कोण देणार? दोन वर्षांनी भिंतीच्या पायथ्याशी गटार खोदायला किंवा पाण्याची लाइन टाकायला जेसीबी येतो आणि तासाभरात ती घेऊन जातो. त्यामुळे सावध अभियंता हा टन हिशेबात धरत नाही, आणि धरलाच तर वरचा थर वगळून. तळाखाली काँक्रीटचा आडवा दात काढतात त्याचा उपयोग यासाठीच: घसरणीची पातळी खोल जाते आणि सहज कुणी खोदणार नाही अशा मातीला कामाला लावता येतं.

भिंत सरकतेय की झुकतेय, हे ओळंब्यानं कळतं. ओळंबा चुकला तर भिंत झुकली आहे. ओळंबा बरोबर आहे, पण भिंतीच्या दोन भागांमधल्या सांध्यावर बोट फिरवलं तर एक भाग दुसऱ्याच्या पुढे आलेला जाणवतोय, तर भिंत सरळ उभी राहून सरकली आहे. मग माथ्यामागे जमिनीत भिंतीला समांतर भेग दिसते आणि पायथ्याशी माती फुगते किंवा पेव्हर ब्लॉक एकमेकांवर चढतात. सगळ्यांत आधीची खूण मात्र पावसात मिळते. मुसळधार पाऊस चाललाय, भिंतीच्या अंगावर ओल फुटलीय आणि वीप होल मात्र कोरडी ठाक आहेत, तर मागे पाणी कोंडलंय असं समजावं. त्याच दिवशी भिंतीपुढे कुणी उभं राहू नये, गाड्या लावू नयेत आणि भोकं मोकळी करण्याचं काम बाजूनं, माणसांना ओळखीच्या अभियंत्याच्या देखरेखीखाली द्यावं.

राहता राहिला उपाय. पाणी माथ्यापर्यंत भरलं तरी गुणांक १.५ राहावा, एवढी जड भिंत बांधायची ठरवली तर काय होईल? माथा तोच, उंची तीच, नुसता तळ रुंद करत गेलो, तर २ मीटरचा तळ जवळपास ७.७ मीटर करावा लागतो. तळ रुंदावला की वजन वाढतं, पण खालून उचलणाऱ्या पाण्यालाही तितकीच जास्त जागा मिळते, म्हणून आकडा इतका फुगतो. काँक्रीट तिपटीहून जास्त लागतं आणि पावणेआठ मीटर जागा भिंतीखालीच जाते. त्याऐवजी भिंतीच्या पाठीला फूटभर जाडीचा खडीचा उभा थर, भरावाची माती त्यात शिरू नये म्हणून मध्ये जिओटेक्स्टाइल कापड आणि तळाशी पाणी बाहेर नेणारा सच्छिद्र पाइप घातला, तर २ मीटरच्या तळावरची भिंत पावसाळाभर कोरड्या हिशेबाच्या जवळ राहते. दरवर्षी मे महिन्यात त्या पाइपाचं तोंड आणि वीप होल साफ झाली पाहिजेत, एवढीच अट.